१२ डिसेंबरचे आरक्षण : आईंसाठी पूर्वेकडची खोली

आदरणीय कुलकर्णी सर,
सप्रेम नमस्कार.

आपण १२ ते १५ डिसेंबर या तीन रात्रींसाठी केलेले आरक्षण मिळाले. आपण आणि आई पुन्हा धंतोलीत आमच्याकडे उतरणार आहात, याचा मनापासून आनंद झाला.

मागच्या हिवाळ्यातील मुक्कामात आई रोज सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्याच्या टोकाला, जिथे कोवळे ऊन येते तिथे, खुर्ची मागवून वर्तमानपत्र वाचत बसत असत. आपल्या खोलीत मात्र ऊन येत नव्हते आणि न्हाणीघराच्या उंच उंबऱ्यापाशी त्यांना दर वेळी आपला हात धरावा लागे, हे आमच्या कर्मचाऱ्यांनी नोंदवहीत लिहून ठेवले आहे. या वेळीही आपण तशीच साधी खोली घेतली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या मजल्यावर लिफ्टजवळ पूर्वेकडची एक मोठी खोली त्या दिवसांत रिकामी आहे. तिला स्वतंत्र गॅलरी असून डिसेंबरात साडेसातच्या सुमारास तिथे ऊन येते. न्हाणीघराला उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा आहे आणि पलंग दोन वेगवेगळे आहेत. खोली इमारतीच्या मागच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून शेजारच्या कडुलिंबाखेरीज फारसे काही दिसत नाही, पण रस्त्याचा आवाजही पोहोचत नाही, आणि आईंच्या झोपेच्या दृष्टीने मला हे अधिक महत्त्वाचे वाटते.

या खोलीसाठी एरवी रोज १४०० रुपये जास्त पडतात. आपल्याकडून रोजचे ५०० रुपये, म्हणजे तीन रात्रींचे करांसह १५०० रुपये अधिक घेऊ. आधी काहीही भरायचे नाही. निघताना बिलात धरले जाईल. आदल्या रात्री खोली रिकामी असल्याने आपण पुण्याहून सकाळच्या गाडीने आलात, तर दुपारपर्यंत थांबावे लागणार नाही.

आपल्याला आहे तीच खोली सोयीची वाटत असेल, तर काही कळवण्याची गरज नाही. आरक्षण आणि दर जसेच्या तसे राहतील, व्हरांड्यातील खुर्चीही सकाळी मांडलेली असेल. बदल हवा असल्यास या पत्राला ‘चालेल’ एवढे उत्तर पुरे. ५ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत ती खोली मी इतर कोणालाही देणार नाही. त्यानंतर मात्र अडवून ठेवणे कठीण जाईल, कारण डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे नागपुरात खोल्यांना फार मागणी असते.

अधिवेशन सुरू असेल, तर मोर्च्यांमुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्स भागातील काही रस्ते बंद असतात. त्यामुळे स्थानकावरून निघण्यापूर्वी स्वागत कक्षात एक फोन करावा, म्हणजे त्या वेळी मोकळा असलेला रस्ता सांगता येईल. थंडीही बरीच असते, तेव्हा आईंची शाल हाताशी असू द्यावी.

आईंना माझा नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
मृणाल
व्यवस्थापक, स्वागत कक्ष
धंतोली, नागपूर