प्रतिस्पर्धी राष्ट्रांमधील सहकार्य आणि कैद्यांचा पेच: भारत-पाकिस्तान संबंधांतील दोन उदाहरणे

पुण्यातील या चर्चासत्राच्या पहिल्या सत्रात असे मत मांडले गेले की परस्परांवर विश्वास नसलेल्या राष्ट्रांमध्ये कोणताही समझोता टिकत नाही. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे वेगळे आहे: समझोता टिकण्यासाठी विश्वासापेक्षा, दगा झाला की नाही हे निर्विवादपणे कळणे अधिक आवश्यक असते.

कैद्यांचा पेच हा दोन खेळाडूंचा खेळ असून त्यात प्रत्येक जण दुसऱ्याची निवड न कळता सहकार्य किंवा दगा निवडतो. त्यात दोघांनी सहकार्य केल्यास प्रत्येकाला ३, दोघांनी दगा दिल्यास प्रत्येकी १, आणि एकानेच दगा दिल्यास त्याला ५ व फसलेल्याला ० लाभ मिळतो असे मानू. हा खेळ एकदाच होणार असेल तर समोरचा काहीही करो, दगा देणेच फायद्याचे ठरते. मात्र शेवटची फेरी कोणती हे कोणालाच ठाऊक नसेल आणि एका दग्यानंतर सहकार्य कायमचे संपणार असेल, तर हिशोब बदलतो. भविष्यातील लाभाला आज दिले जाणारे वजन δ मानल्यास सहकार्य टिकण्याची अट अशी:

δ ≥ (T − R)/(T − P) = (५ − ३)/(५ − १) = १/२

येथे T हा एकतर्फी दग्याचा, R परस्पर सहकार्याचा आणि P परस्पर दग्याचा लाभ होय.

आण्विक प्रतिष्ठानांवर हल्ला न करण्याचा भारत-पाकिस्तान करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला आणि जानेवारी १९९१ मध्ये अमलात आला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रतिष्ठानांच्या याद्या, अक्षांश-रेखांशांसह, एकमेकांना देतात. कारगिल युद्धानंतरच्या १ जानेवारीलाही हा क्रम मोडला नाही, आणि माझ्या मते याचे श्रेय सदिच्छेला देता येत नाही. तारीख ठरलेली असल्याने यादी आली की नाही याबद्दल वादच उरत नाही, शिवाय ती रोखून धरण्यात फारसा फायदाही नसतो. दग्याचा मोह, म्हणजे T आणि R यांतील फरक, इतका लहान असला की भविष्याला कमी वजन देणारे सरकारही अट पूर्ण करते.

नियंत्रण रेषेवर परिस्थिती नेमकी उलट आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये ठरलेली शस्त्रसंधी पुढे वारंवार मोडली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांना तिचे काटेकोर पालन करण्याचे संयुक्त निवेदन काढावे लागले. पहिली गोळी कोणी झाडली हे तिथे क्वचितच निर्विवाद असते. जशास तसे या धोरणाने वागणारे दोन खेळाडू अशा वेळी एका गैरसमजातूनही प्रत्युत्तरांच्या साखळीत अडकतात, कारण प्रत्येकाला आपण केवळ उत्तर देत आहोत असेच वाटते. म्हणूनच महासंचालकांमधील हॉटलाइनचे महत्त्व मोठे आहे: चूक कोणती आणि दगा कोणता, हे प्रत्युत्तर देण्यापूर्वी विचारण्याची सोय ती करते.

या मांडणीला एक गंभीर मर्यादा आहे. ती राष्ट्राला एकच खेळाडू मानते. यादीच्या बाबतीत हे चालते, कारण निर्णय राजधानीतच होतो. सीमेवरील गोळीबाराचा निर्णय मात्र अनेकदा स्थानिक चौकीवर होतो आणि त्या अधिकाऱ्याचे δ सरकारच्या δ इतकेच असेल असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही.