वेबसाइट सकाळी बंद का होती आणि काय दुरुस्त केलं

नमस्कार ताई,

वेबसाइट आज, मंगळवारी, सकाळी १०:२५ पासून पूर्ववत सुरू आहे. पहाटे ३:१० पासून ती बंद होती. वेबसाइट हॅक झालेली नाही, डोमेनची मुदतही संपलेली नाही आणि ३:१० च्या आधीच्या सगळ्या ऑर्डर, ग्राहकांचे पत्ते आणि साड्यांचे फोटो जागेवर आहेत. एका ऑर्डरकडे मात्र तुम्हाला आजच लक्ष द्यावं लागेल, ती खाली सांगितली आहे.

कारण एकच: सर्व्हरवरची जागा पूर्ण भरली. तुमच्या सर्व्हरवर ४० जीबी जागा आहे. रोज पहाटे ३ वाजता वेबसाइटची पूर्ण प्रत, म्हणजे बॅकअप, त्याच सर्व्हरवर तयार होतो आणि शेवटचे सात बॅकअप ठेवले जातात. वेबसाइट सव्वा जीबीची होती तोवर हे आरामात मावत होतं. गेल्या बुधवारी दिवाळीच्या नव्या पैठण्यांचे जवळपास ४२० फोटो चढले. फोनवरून थेट आलेला एकेक फोटो ८-९ एमबीचा, त्यामुळे वेबसाइट पाच जीबीच्या वर गेली आणि तेवढाच मोठा एकेक बॅकअप रोज साठायला लागला. बुधवारी काहीच बिघडलं नाही आणि वेबसाइट सहाव्या रात्री बंद पडली, ती याचमुळे: रोज एक छोटा जुना बॅकअप निघत होता आणि त्याच्या जागी चौपट मोठा येत होता.

फोटो चढवण्यात तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. दुकान वाढलं, बॅकअपची व्यवस्था मात्र छोट्या वेबसाइटच्या मापाचीच राहिली होती.

जागा संपली की सगळ्यात आधी डेटाबेस अडतो. ऑर्डर, किंमत, शिल्लक नग हे सगळं तो सतत लिहून ठेवत असतो. बिलबुकात पानच उरलं नाही तर नवीन बिल फाडता येत नाही, तसंच. म्हणून ग्राहकांना दुकानाऐवजी पांढऱ्या पानावर "Error establishing a database connection" एवढीच ओळ दिसत होती.

दुरुस्ती अशी केली. सोमवारचा बॅकअप आधी सर्व्हरबाहेर उतरवून घेतला, तो नीट उघडतो हे तपासलं आणि मगच सर्व्हरवरचे जुने बॅकअप काढले. डेटाबेस सुरू करून त्यातली नोंद अर्धवट राहिली आहे का ते पाहिलं. शेवटी एक चाचणी ऑर्डर पेमेंटपर्यंत नेऊन रद्द केली. ती तुमच्या यादीत "Cancelled" अशी दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

आता तुमच्याकडचं काम. पहाटे ३:०८ ला एका ग्राहकाने पैसे भरले. पेमेंट गेटवेकडे पैसे जमा दिसतात, पण वेबसाइटला ते नोंदवता आलं नाही, म्हणून ऑर्डर "Pending payment" वर अडकली आहे. मुनिया काठाची, मोरपंखी रंगाची ती साडी एकच नग आहे, आणि पैसे न आलेली ऑर्डर धरून वेबसाइट तो नग पुन्हा विक्रीला मोकळा करू शकते. म्हणून कृपया दुपारच्या आत WooCommerce → Orders मध्ये ती ऑर्डर उघडून स्थिती "Processing" करा आणि ग्राहकाला फोन करून ऑर्डर पक्की झाल्याचं सांगा. पैसे भरूनही पावती न मिळाल्यामुळे त्या काळजीत असतील. बंद पडलेल्या वेळात दुसरं कोणतंही पेमेंट आलेलं नाही, गेटवेच्या यादीशी ताळा करून पाहिलं आहे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून आजपासून बॅकअप वेगळ्या साठवणीत जातील, सर्व्हरवर फक्त शेवटचा एक राहील. जागा ७५ टक्के भरली की आमच्या फोनवर सूचना येईल, म्हणजे हाताशी १० जीबी असतानाच कळेल. मोठा सर्व्हर घ्यायची गरज नाही. फोटो याच वेगाने वाढले असते तर तोही भरलाच असता.

फोटोंचं मात्र बघायला हवं. २००० पिक्सेल रुंदीचा फोटो साधारण अर्ध्या एमबीत बसतो आणि मोबाइलवर मोठा करून पाहिला तरी पदरावरच्या मोराची वीण स्पष्ट दिसते. पाच साड्यांचे फोटो तसे करून आज संध्याकाळी पाठवतो. रंग आणि जरीची चमक तुमच्या डोळ्यांनी तपासा. तुम्ही हो म्हणालात की बाकीचे करू आणि पुढे चढणारे फोटो आपोआप त्याच मापाचे होतील. तोवर फोनमधले मूळ फोटो डिलीट करू नका.