आंतरवासितेतील एका प्रात्यक्षिक पाठाचे चिंतन : दुष्फेन पाणी आणि वहीतली एक ओळ

वर्ग आठवी 'अ'. विषय विज्ञान, घटक सुफेन आणि दुष्फेन पाणी. सोलापुरात या घटकासाठी साहित्य शोधावे लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे बऱ्याच घरांत बोअरचे पाणीही वापरात असते. आदल्या दिवशी मी दोन्ही पाण्यांच्या बाटल्या आणायला सांगितल्या आणि चाळीसपैकी सव्वीस मुलांनी आणल्या.

सहा गट केले. प्रत्येक गटाला तीन परीक्षानळ्या दिल्या: नळाचे पाणी, बोअरचे पाणी आणि उकळून गार केलेले बोअरचे पाणी. प्रत्येकीत १० मिली पाणी घ्यायचे, साबणाच्या द्रावणाचे पाच थेंब टाकायचे, वीस वेळा हलवायचे आणि पट्टीने फेसाची उंची मोजायची. उकळल्यावर फेस वाढतो, एवढे मुलांनी स्वतः पाहावे, हे माझे उद्दिष्ट होते.

चार गटांचे जमले. हद्दवाढ भागातून आलेल्या मुलींच्या गटात मात्र नळाच्या पाण्याचा फेस ४ सेमी, बोअरचा १ सेमी आणि उकळलेल्याचा जेमतेम १.५ सेमी. "उकळलं तरी फेस येईना की ओ मॅडम," गटातली एक मुलगी नळी उजेडाकडे धरून म्हणाली. तास संपायला सात मिनिटे उरली होती. मागच्या बाकावर मार्गदर्शक शिक्षिका निरीक्षण वहीत लिहीत होत्या. मी म्हणाले, "नीट हलवलं नसेल. उकळल्यावर फेस वाढला, असं लिहा." तिने पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तसे लिहिले.

कोल्ब यांच्या अनुभवाधिष्ठित अध्ययन चक्रातला मूर्त अनुभव माझ्यासाठी तो तास नव्हे, ती एक ओळ आहे.

पाठानंतरच्या चर्चेत शिक्षिकांनी फलकलेखन आणि वेळेचे नियोजन यांचे कौतुक केले. मला ते ऐकून बरे वाटले नाही. चिंतनात्मक निरीक्षणासाठी त्या रात्री मी पाठ टाचण उघडले. त्यात 'अपेक्षित निरीक्षण' हा रकाना होता, 'प्रत्यक्ष निरीक्षण' हा नव्हता. मुलींनी वीस वेळा नळी हलवताना मी स्वतः मोजले होते, तरीही "नीट हलवलं नसेल" म्हणाले. अडचण त्यांच्या हातात नव्हती. त्या उत्तराचे कारण मला माहीत नव्हते आणि निरीक्षण होत असताना ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. शिवाय त्या नळीत तळाशी पांढरट गढूळपणा होता. तो मी पाहिला आणि सोडून दिला.

अमूर्त संकल्पनीकरणाच्या टप्प्यावर दोन गोष्टी उलगडल्या. पहिली रसायनशास्त्राची. कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे उकळल्यावर विघटन पावतात आणि पांढरा साका खाली बसतो. हा तात्पुरता दुष्फेनपणा. क्लोराइड आणि सल्फेट क्षार मात्र उकळून जात नाहीत. तो कायमचा दुष्फेनपणा. त्या बोअरच्या पाण्यात दोन्ही असावेत, म्हणून साकाही दिसला आणि फेसही फारसा वाढला नाही. म्हणजे माझ्या वर्गातले सर्वांत मोलाचे निरीक्षण मी खोडायला लावले होते.

दुसरी अध्यापनाची. कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडल्याप्रमाणे, ज्ञान अनुभवाच्या रूपांतरातून घडते. मी मुलांना अनुभव दिला आणि तिथून थेट सिद्धान्तावर उडी मारली. मधला टप्पा, थांबून 'असे का झाले?' विचारण्याचा, मी मुलांच्या हातून काढून घेतला. प्रात्यक्षिक झाले, पण त्यातून फक्त पुस्तकाच्या वाक्याची पडताळणी झाली.

सक्रिय प्रयोगासाठी चार दिवसांनी आठवी 'ब' मिळाली. या वेळी वहीत तीन रकाने आखून घेतले: मला काय वाटते, काय दिसले, असे का असेल. एक गट पुन्हा तिथेच अडला. मी उत्तर दिले नाही, किराणा दुकानातून आणलेल्या धुण्याच्या सोड्याची पुडी पुढे केली. उकळलेल्या पाण्यात चिमूटभर सोडा पडताच ते दुधाळ झाले. ते निवळू दिले, वरचे पाणी घेऊन साबण टाकला, तर फेस ३ सेमी. तास दहा मिनिटे लांबला आणि निष्कर्ष लिहायचा राहिला. त्याची मला खंत आहे. पुढच्या टाचणात प्रयोगाच्या नळ्या दोनच ठेवून चर्चेला पंधरा मिनिटे राखली आहेत.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी आठवी 'अ'मध्ये गेले. "मागच्या तासाला मी तुम्हाला न दिसलेली गोष्ट लिहायला लावली. ती माझी चूक होती. जे दिसलं, ते लिहा," एवढेच सांगितले. त्या मुलीने पट्टी ठेवून ती ओळ सरळ रेघेने खोडली, खाली १.५ सेमी लिहिले आणि विचारले, "मॅडम, तळाला पांढरं बसलं होतं, ते पण लिहू का?"