परीक्षकाचा अभिप्राय, मुद्दा २: अलीकडच्या संदर्भांची भर

हस्तलिखित: यवतमाळ व वर्धा जिल्ह्यांतील बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळ्यांद्वारे सर्वेक्षण
शिफारस: मोठ्या सुधारणा

२०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन हंगामांतील आठवडी नोंदी हे या लेखाचे बळ आहे. संदर्भांची बाजू मात्र जुनी पडली आहे. ४१ संदर्भांपैकी ३३ हे २०१२ पूर्वीचे आहेत आणि २०१८ नंतरचे फक्त तीन. त्यामुळे चूक केवळ यादीपुरती राहिलेली नाही. प्रस्तावनेत (ओळ ४२) 'बीजी-२ वाण गुलाबी बोंडअळीला परिणामकारकपणे रोखतात' असे वर्तमानकाळात म्हटले आहे. २००६ मध्ये हे वाण आले तेव्हा ते खरे होते. पुढे भारतातील शेतांमधून Cry1Ac आणि नंतर Cry2Ab या दोन्ही प्रथिनांना प्रतिकार प्रसिद्ध झाला, आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने त्याची झळ सोसली. हे विधान तसेच राहिले तर चर्चेतील 'सापळ्यांतील वाढ हवामानामुळे' हा निष्कर्ष अपुरा ठरतो. प्रतिकार हे पर्यायी कारण तपासून मगच तो मांडावा.

पुढील विषयांवरचे २०१५ नंतरचे लेखन पाहावे: भारतातील Cry2Ab-प्रतिकार व त्यामागील ABCA2 जनुकातील बदल, पिशवीतच मिसळलेले बिगर-बीटी बियाणे, फरदड आणि हंगामाचा शेवट, मीलन-अडथळा तंत्र, सापळ्यातील पतंगसंख्या व हिरव्या बोंडांतील अळ्या यांचा संबंध. शेवटचा विषय सर्वांत महत्त्वाचा. लेखकांनी 'सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ पतंग' ही पातळी वापरली आहे, पण सापळ्यात फक्त नर येतात. बोंडे फोडून केलेल्या मोजणीशी तिचा मेळ कितपत बसतो हे दाखवायला हवे. शोधासाठी ही ओळ पुरेशी ठरेल:

```
"Pectinophora gossypiella" AND India AND
(Cry2Ab OR refuge OR "pheromone trap" OR "mating disruption")
```

भारतीय कृषी नियतकालिके आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध या शोधात सुटतात, ते वेगळे पाहावेत. प्रत्येक लेखातून प्रकाशनवर्षाऐवजी नमुने गोळा केल्याचे वर्ष नोंदवावे. दोहोंत तीन-चार वर्षांचे अंतर सहज पडते आणि तुलना फसते. आठ-दहा नेमके लेख पुरेत. एका कंसात पाच नावे कोंबू नयेत. प्रत्येक संदर्भ कोणत्या विधानाला आधार देतो हे वाक्यातच दिसावे.

विशिष्ट लेखांची यादी मी हेतुपुरस्सर देत नाही. या विषयावर माझेही लेखन आहे आणि ते शोधात समोर येऊ शकते. ते उद्धृत करावे अशी अपेक्षा नाही. लेखकांच्या युक्तिवादाला उपयोगी नसेल तर खुशाल वगळावे. पुनर्परीक्षणात मी वरील विषयांची दखल घेतली की नाही एवढेच पाहीन. माझे लेखन या विषयावर असल्याचे संपादकांना वेगळ्या टिपणात कळवले आहे. एखादा विषय आपल्या अभ्यासाला लागू नाही असे लेखकांना वाटल्यास उत्तरपत्रात दोन ओळींत कारण द्यावे. ते मला मान्य असेल.

'विदर्भातील पहिलाच अभ्यास' हा दावा (ओळ ३११) शोध पूर्ण होईपर्यंत काढून ठेवावा.