शालेय मुलांवरील अभ्यासास मंजुरी मिळण्याबाबत

दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. सदस्य सचिव,
संस्थात्मक नीतिमत्ता समिती,
वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर

विषय : 'सोलापूर शहरातील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांचे शाळेच्या वेळेतील पाणी पिणे आणि स्वच्छतागृहाचा वापर' या अभ्यासास मंजुरी मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील अभ्यासाचा आराखडा, माहितीपत्रके, संमतीपत्रे आणि प्रश्नावली या पत्रासोबत सादर करत आहे. जोखीम किमान असली तरी सहभागी लहान मुले आहेत. त्यामुळे जलद पुनरावलोकन न करता हा प्रस्ताव पूर्ण समितीच्या बैठकीत ठेवावा, अशी विनंती आहे.

विषय कसा सुचला ते थोडक्यात सांगते. गेल्या मार्चमध्ये पूर्व भागातील एका शाळेत आरोग्य तपासणीला गेले होते. दुपारी साडेतीनला सातवीतल्या एका मुलीच्या दप्तरातली बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसली. सकाळी आईने भरून दिलेली, तशीच. "पाणी प्यालं की जावं लागतं," एवढंच ती म्हणाली. सोलापूरचा मार्च कसा असतो हे समितीला सांगायला नको. त्यात शहराला नळाचे पाणी रोज येत नाही, म्हणजे ती बाटली घरातल्या साठवणीतून भरलेली. मुले मुद्दाम कमी पाणी पितात का, पीत असतील तर त्याचा शाळेच्या स्वच्छतागृहाशी काही संबंध आहे का आणि लघवीला जळजळ किंवा ती रोखून धरणे अशा तक्रारी किती जणांना आहेत, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

पद्धत साधी आहे. सहा शाळा (तीन मराठी, दोन उर्दू आणि एक कन्नड माध्यमाची), प्रत्येकी ८० विद्यार्थी, एकूण ४८०. प्रमाण ५० टक्के आणि चूक ६ टक्के धरून २७८ येतात; एकाच शाळेतली मुले सारखी वागतात म्हणून दीडपट केले की ४१७, आणि १० टक्के नकार धरले की ४६३. फेब्रुवारीत प्रत्येक शाळेत लागोपाठ तीन दिवस मुलांची पाण्याची बाटली शाळा भरताना आणि सुटताना डिजिटल काट्यावर तोलली जाईल. बाटली तोलतात म्हटल्यावर पहिल्या दिवशी सगळेच जास्त पाणी पिणार, म्हणून तो दिवस हिशेबात धरणार नाही. शिवाय वर्गात एक बाटली चार जण तोंडाला लावतात, हे लक्षात घेऊन प्रत्येकाकडे एक कार्ड राहील : मी प्यालो, मित्राला दिलं, सांडलं, पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांची प्रश्नावली.

पहिल्या मसुद्यात लघवीचा नमुना घेण्याचे ठरले होते, ते मी काढून टाकले. तेरा वर्षांच्या मुलीने हातात डबी घेऊन वर्गमित्रांसमोरून चालत यायचे, हे मला पटले नाही. त्याऐवजी रंगांचा तक्ता स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावू; मूल स्वतःच पाहून कार्डावर रंगाचा आकडा लिहील. याने अचूकता घटते, हे मान्य आहे. पाळीविषयीचा प्रश्न मात्र ठेवला आहे, कारण त्याशिवाय मुलींचे उत्तर अर्धेच राहते. तो फक्त महिला संशोधक विचारतील, एकटीला, आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय सगळ्यात वर छापला आहे.

आता संमतीविषयी, कारण या अभ्यासात खरी अडचण तिथेच आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'हरकत असेल तरच कळवा' अशी चिठ्ठी घरी पाठवणे सोपे असते, पण ती संमती नव्हे. प्रत्येक मुलाच्या आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची लेखी संमती घेऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ वर्षांवरील मुलांची लेखी आणि त्याखालील मुलांची तोंडी सहमती घेतली जाईल. सहावीच्या वर्गात एकाच बाकावर दोन्ही वयाची मुले असतात. अकरा वर्षांच्या मुलालाही सही करायची हौस असेल तर करू देऊ. पालक 'हो' म्हणाले आणि मूल 'नाही' म्हणाले, तर 'नाही' धरायचे.

वर्गशिक्षक संमतीपत्रे वाटणार नाहीत आणि गोळाही करणार नाहीत. बाईंनी कागद दिला की तो गृहपाठासारखा भरून येतो. त्याऐवजी दोन सायंकाळी पालकसभा घेऊ, त्याही विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर, म्हणजे सहानंतर. इथे एक स्थानिक पेच आहे. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते, पण पालकांना ती लिपी वाचता येतेच असे नाही. म्हणून नुसते तेलुगूत छापील माहितीपत्रक देऊन भागणार नाही; मजकूर तेलुगूत बोलून सांगणारी व्यक्ती सभेत असेल. अंगठा उठवणाऱ्या पालकांसाठी आमच्या चमूबाहेरचा साक्षीदार असेल. माहितीपत्रकाचा मसुदा एका विडी कामगार आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने विचारले, "सही केली तर काय मिळतंय, आन् नाही केली तर काय जातंय?" दोन्हींचे उत्तर 'काही नाही' असे आहे. तिचाच प्रश्न आता माहितीपत्रकाची पहिली ओळ आहे.

कोण सहभागी नाही, हे वर्गात उघड होऊ नये म्हणून सगळीच मुले आळीपाळीने बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या खोलीत येतील. सहभागी नसलेल्यांची बाटली तोलली जाणार नाही. ती आरोग्याचे तक्ते पाहून परत जातील. त्या वेळी शिक्षक खोलीत नसतील.

जळजळ, ताप किंवा लघवीतून रक्त अशी तक्रार कुणी सांगितली, तर त्याच दिवशी पालकांना कळवून आपल्या रुग्णालयाच्या बालरोग बाह्यरुग्ण विभागात मोफत तपासणीची सोय केली आहे. विभागप्रमुखांचे पत्र जोडले आहे. स्वच्छतागृहाविषयी बोलताना एखादे मूल छळाविषयीही बोलू शकते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे आमच्यावर बंधनकारक आहे. म्हणूनच 'तू सांगशील ते कुणालाच सांगणार नाही' असे खोटे आश्वासन सहमतीपत्रात दिलेले नाही. ही एक गोष्ट सांगावी लागेल, हे सोप्या शब्दांत लिहिले आहे.

कागदांवर नाव नसेल, सांकेतिक क्रमांक असेल. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी माझ्या कपाटात कुलपात राहील आणि अभ्यास संपल्यावर तीन वर्षांनी नष्ट केली जाईल. मुलांचे वा स्वच्छतागृहांचे फोटो काढले जाणार नाहीत. अहवालात शाळांची नावे येणार नाहीत; मात्र प्रत्येक शाळेला तिच्या स्वच्छतागृहांविषयीची आमची निरीक्षणे स्वतंत्रपणे लेखी देऊ. ती वाचून एखादे मुख्याध्यापक नाराज होतील, ही शक्यता त्यांना परवानगी मागतानाच सांगितली आहे. एका शाळेने त्यानंतर नकार दिला, तो आम्ही स्वीकारला आणि दुसरी शाळा घेतली.

अभ्यासाला बाहेरचा निधी नाही. काटे, कार्डे आणि छपाईचा खर्च विभाग करेल. माझा पुतण्या एका शाळेत सातवीत आहे. ती शाळा यादीतून वगळली आहे. समितीची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत एकाही मुलाशी अभ्यासासंबंधी बोलणार नाही, आणि नंतर आराखड्यात बदल करावा लागला तर आधी समितीकडे येईन.

पाळीचा प्रश्न आणि रंगतक्ता या दोन बाबींवर समितीचे मत मला विशेष हवे आहे. बैठकीस बोलावल्यास काटा, कार्ड आणि तक्ता घेऊन हजर राहीन.

आपली विश्वासू,
(सही)
प्रमुख संशोधक व सहायक प्राध्यापक,
जनऔषध वैद्यकशास्त्र विभाग

सोबत : संशोधन आराखडा, मराठी, उर्दू व कन्नड माहितीपत्रके आणि संमतीपत्रे, तेलुगूत सांगायचा मजकूर, मुलांचे सहमतीपत्र, प्रश्नावली व पाण्याचे कार्ड, सहा शाळांची परवानगीपत्रे, बालरोग विभागाचे पत्र.