पोहे आमच्याकडे, पाहुणे दोन्ही घरची मंडळी

सप्रेम नमस्कार,

गणपती झाले, नवरात्र झालं की पुण्यातल्या घराघरांत एक विषय निघतोच. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील, तोवर कुठे काही जमतंय का? आई फोनवर मावशीला विचारते, बाबा ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे शब्द टाकतात, आणि ज्याचं लग्न व्हायचं तो किंवा ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली असते. आपल्या घरीही हे सुरू असेल, तर सदाशिव पेठेत भिकारदास मारुतीजवळच्या आमच्या वधू-वर सूचक केंद्रात एकदा निवांत या.

हे केंद्र मी का सुरू केलं, ते आधी सांगते. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला मंडळी आली, तेव्हा मी दहा वर्षांची होते. वाड्यातल्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. आईने शेजारच्या काकूंकडून सहा कपबशा मागून आणल्या होत्या, कारण आमच्यातल्या दोन कपांचे कान उडालेले होते. मंडळींनी पोहे खाल्ले, ताईला चार प्रश्न विचारले आणि "कळवतो" म्हणून गेली. त्यानंतर दीड महिना बाबा रोज दुपारी पोस्टमनची चाहूल घेत दारात उभे राहायचे. पत्र आलंच नाही. त्या मुलाचा साखरपुडा झाल्याचं आम्हाला तिसऱ्याच कोणाकडून कळलं. नकार बाबांनी पचवला असता. आपल्याला दोन ओळींचं उत्तर द्यावं असंही कोणाला वाटलं नाही, हे मात्र त्यांना फार लागलं. ताईचं पुढे छान झालं, पण बाबांचं ते दारात उभं राहणं माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही.

म्हणून आमच्या केंद्रात उत्तर आठ दिवसांच्या आत जातं. होकार असो वा नकार, ते सांगण्याची जबाबदारी आमची. नकार असेल तर मी स्वतः फोन करते, संध्याकाळी, घरात सगळे असतील अशा वेळी. "योग नाही" एवढंच सांगते. मुलीचा रंग, मुलाची उंची, घर भाड्याचं आहे की स्वतःचं, अशी कारणं समोरच्या घरापर्यंत आम्ही पोचवत नाही. कोणाच्याही लेकरात खोट काढायला आम्ही बसलेलो नाही.

दुसरी गोष्ट बघण्याच्या कार्यक्रमाची. मुलीकडच्यांनी घर आवरायचं, फराळ करायचा, आणि मुलाकडच्यांनी सोफ्यावर बसून बघायचं, ही रीत आम्ही पहिल्या भेटीपुरती बाजूला ठेवली आहे. पहिली भेट केंद्राच्या बैठकीच्या खोलीत होते. पोहे आमच्या स्वयंपाकघरात होतात, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, सोबत चहा. दोन्हीकडची मंडळी पाहुणी, आणि यजमान आम्ही. ट्रे घेऊन मुलीने यायचं नसतं, आमच्या मावशी आणतात. वडीलधाऱ्यांची ओळख झाली की मुलगा-मुलगी शेजारच्या खोलीत अर्धा-पाऊण तास बोलतात. दार उघडं असतं, पण तिकडे कोणी डोकावत नाही. दुसरी भेट एकमेकांच्या घरी अवश्य ठेवा, तोपर्यंत अवघडलेपण बरंच गेलेलं असतं.

नोंदणीचा फॉर्म दोघांना एकच आहे. "स्वयंपाक येतो का?" हे मुलालाही विचारतो. "लग्नानंतर आई-वडिलांची जबाबदारी कशी घ्यायची आहे?" हे मुलीलाही विचारतो. एकुलती एक मुलगी असलेल्या कित्येक आई-वडिलांनी हा प्रश्न वाचून चष्मा काढून डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. आजवर त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं. फीसुद्धा दोघांना सारखी, वर्षाला 3,500 रुपये. लग्न जमल्यावर वेगळं काही मागत नाही. मनाने पेढे दिलेत तर आनंदाने घेऊ.

अपेक्षा लिहिताना मोकळेपणाने लिहा, पण थोडं पुढचंही बघा. मुलगा हिंजवडीला आणि मुलगी खराडीला नोकरीला असेल, तर घर कुठे घ्यायचं हा प्रश्न पत्रिकेतल्या मंगळाइतकाच मोठा असतो. रोजचे प्रवासातले तास कोणी सोसायचे, हे आधी बोललेलं बरं. तसंच परदेशी जायचा विचार, घरातलं आजारपण, डोक्यावरचं कर्ज. आधी सांगितलेलं चालतं, नंतर कळलेलं खुपतं. पत्रिका बघणाऱ्यांसाठी 36 गुणांचं मेलन आणि एकनाडीची माहिती आम्ही करून देतो, न बघणाऱ्यांना आग्रह नाही. रक्ताची तपासणी मात्र दोघांनीही करून घ्यावी, असं मी प्रत्येक घराला हात जोडून सांगते, विशेषतः थॅलेसेमियाची. दोघेही वाहक निघाले तर ते लग्नाआधी कळलेलं फार बरं.

आमच्याकडे सर्व जातींची स्थळं येतात. आंतरजातीय विवाहाची तयारी असेल तर फॉर्ममध्ये तशी खूण करा. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, त्याची कागदपत्रं आम्ही समजावून देतो. घटस्फोट झालेल्या किंवा जोडीदार गमावलेल्या स्त्री-पुरुषांसाठी बुधवारची दुपार राखीव आहे. त्या दिवशी गर्दी नसते, आणि पुन्हा संसार मांडू पाहणाऱ्या माणसाला आपली गोष्ट सांगायला थोडा वेळ लागतो. मुलं असतील तर त्यांनाही घेऊन या.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. हुंडा घेणं आणि देणं, दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. "आमची काही मागणी नाही, तुमच्या हौसेने काय ते करा" या वाक्याच्या पोटात काय दडलेलं असतं, ते मला चांगलं कळतं. असं बोलणं निघालं तर ते स्थळ आम्ही यादीतून काढतो, फी परत करून. लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करावा, असं आम्ही सुचवतो. याद्या करायच्या बैठकीला बोलावलंत तर मी येते. मानपानाच्या साड्यांवरून आवाज चढू लागले की कोणीतरी मध्ये चहा मागवायला लागतं, ते काम मी आवडीने करते.

येताना दोन फोटो आणा. एक नेहमीच्या कपड्यांतला, घरात असतो तसा. जन्मतारखेचा, शिक्षणाचा आणि नोकरीचा पुरावा हवा. कागदपत्रं आम्ही स्वतः पडताळतो, आणि तुमचा फोन नंबर किंवा पत्ता दोन्ही घरांची संमती असल्याशिवाय कोणालाही देत नाही. मुलगा किंवा मुलगी स्वतः आल्याशिवाय नोंदणी होत नाही, कारण लग्न त्यांचं आहे आणि इच्छा त्यांच्याच तोंडून ऐकायची असते.

केंद्र सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8 उघडं असतं. सोमवारी बंद. नोकरीमुळे जमत नसेल तर रविवारी दिवसभर या. जिना चढून पहिला मजला, ज्येष्ठांना त्रास होत असेल तर खालूनच हाक मारा, आम्ही खाली येऊन बसू.