ऊसवाहू ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघाताबाबत विमा कंपनीकडे नुकसानभरपाईची मागणी

दिनांक : ५ मे २०२५

प्रति,
मा. नियुक्त अधिकारी,
मोटार अपघात दावे विभाग,
विमा कंपनीचे विभागीय कार्यालय, लातूर

अर्जदार : बालाजी व्यंकट सूर्यवंशी, वय ३८ वर्षे, धंदा : डाळ मिलमध्ये मशीन ऑपरेटर, रा. भादा, ता. औसा, जि. लातूर

विषय : ३० नोव्हेंबर २०२४ रोजीच्या रस्ते अपघातातील दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार व इतर नुकसानीच्या भरपाईबाबत.

संदर्भ : आपले १६ एप्रिल २०२५ चे पत्र.

महोदय,

आपण संदर्भीय पत्रात २,५०,००० रुपये 'संपूर्ण व अंतिम' भरपाई म्हणून देऊ केले आहेत. हा देकार मला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीसाठी हीच रक्कम ठरवून दिलेली आहे आणि तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. माझ्या प्रकरणात चूक कोणाची हे पंचनाम्यातच लिहिलेले आहे. त्यामुळे माझी मागणी कलम १६६ प्रमाणे प्रत्यक्ष नुकसानीची आहे. तिचा हिशेब या पत्रात दिला आहे.

३० नोव्हेंबरला, शनिवारी, दुसरी पाळी संपवून मी लातूरहून मोटारसायकलवर घरी निघालो होतो. रात्री पावणेबाराच्या सुमारास, औशाच्या पुढे भाद्याकडे येताना, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्यातच उभा होता. मागच्या ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले होते. ट्रॅक्टरवरची माणसे बाजूच्या बांधाला शेकोटी करून बसली होती. समोरून ट्रक आला, त्याचा लाईट डोळ्यावर पडला आणि तो निघून जाताच ट्रॉलीचा उजवा कोपरा माझ्यासमोर होता. मी ब्रेक दाबून गाडी उजवीकडे घेतली, पण डावा पाय आणि डावा हात ट्रॉलीवर आदळला.

घटनास्थळ पंचनाम्यातील तीन नोंदी आपण पुन्हा वाचाव्यात. ट्रॉलीचा साडेचार फूट भाग डांबरी रस्त्यावर होता. मागे टेललाईट किंवा रिफ्लेक्टर नव्हता, लाल फडकेसुद्धा बांधलेले नव्हते. बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी ट्रॉलीची मागची फळी पूर्ण झाकली होती. चाकाला उटी म्हणून एक दगड लावलेला होता, पण मागून येणाऱ्याला इशारा म्हणून रस्त्यावर दगड, फांदी असे काहीही ठेवलेले नव्हते. माझ्या गाडीच्या ब्रेकची बारा फुटांची खूणही पंचनाम्यात आहे. या सर्वांवरून पोलिसांनी ट्रॅक्टरचालकाविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ व १२५(ब) आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा नोंदवला आहे.

आपल्या पत्रात 'अर्जदाराने मागून धडक दिली, सबब ५० टक्के निष्काळजीपणा त्याचा' असे एकच वाक्य आहे. मागून धडक बसली म्हणजे मागच्याचीच चूक, असा कायदा नाही. रात्रीच्या वेळी बिनदिव्याचे वाहन अर्ध्या रस्त्यात सोडून जाणे यालाच कलम १२२ धोकादायक म्हणते. माझे लायसन्स, गाडीचा विमा व पीयूसी त्या दिवशी चालू होते. डोक्यात हेल्मेट होते, म्हणूनच डोक्याला मार नाही. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर तशी नोंद आहे. दारू घेतलेली नसल्याचीही नोंद त्याच कागदावर आहे. मी कोणता निष्काळजीपणा केला, हे आपल्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही.

ट्रॉल्यांचा स्वतंत्र विमा नाही, हा आपला दुसरा मुद्दा. ट्रॅक्टरचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता, हे आपणही नाकारत नाही. ट्रॉल्या त्याच ट्रॅक्टरला जोडलेल्या होत्या आणि रस्त्यात त्या ट्रॅक्टरचालकानेच उभ्या केल्या. पॉलिसीतील कोणत्या अटीचा भंग झाला ते कलमासह लेखी कळवावे आणि पॉलिसीची प्रमाणित प्रत द्यावी. तसा भंग असेलच तर तो हिशेब आपला आणि ट्रॅक्टरमालकाचा आहे. हप्ता घेताना ऊस वाहतुकीचा विचार करायचा की नाही हे मी ठरवलेले नाही.

आता खर्चाकडे येतो. डाव्या नडगीची दोन्ही हाडे मोडली, त्यात सळई आहे. डाव्या मनगटात प्लेट आहे. त्या रात्री १०८ रुग्णवाहिकेने मला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे एक पैसा लागला नाही, म्हणून त्यापोटी मी काहीही मागितलेले नाही. नडगीची जखम उघडी होती आणि शस्त्रक्रियेचा नंबर लागायला आठवडा जाईल असे सांगण्यात आले, म्हणून दुसऱ्या दिवशी खाजगी अस्थिरोग रुग्णालयात दाखल झालो. 'सरकारीत का थांबला नाहीत' या आपल्या प्रश्नाचे हे उत्तर. बिले अशी :

दवाखान्याचे बिल (९ दिवस, शस्त्रक्रिया, भूल, खाट, डॉक्टर) : रु. १,१८,४००
सळई, प्लेट व स्क्रू, स्वतंत्र बिल : रु. ३४,५००
औषधे : रु. २७,८६५
एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्त तपासणी : रु. ९,२५०
नंतरच्या तपासण्या व ड्रेसिंग : रु. ४,६००
फिजिओथेरपी, २४ वेळा, प्रत्येकी ३०० : रु. ७,२००
वॉकर व कुबड्या : रु. २,३५०
वैद्यकीय खर्च एकूण : रु. २,०४,१६५

औषधांच्या पक्क्या बिलांचीच बेरीज घेतली आहे. गावातल्या मेडिकलच्या साध्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, पण त्यांवर बिल नंबर नाही, म्हणून त्या धरल्या नाहीत. माझा मेडिक्लेम नाही, त्यामुळे यातील कोणतेही बिल दुसरीकडून वसूल झालेले नाही. पायातली सळई दीड वर्षाने काढावी लागेल. त्यासाठी सर्जनने ४५,००० रुपयांचा अंदाजपत्रकी दाखला दिला आहे. भाद्याहून लातूरला तपासणीसाठी रिक्षा ठरवावी लागे, कारण पाय सरळ ठेवून एसटीत बसता येत नव्हते. त्याचे ९,९०० रुपये होतात, चालकाच्या सहीच्या पावत्या आहेत.

पगाराबाबत आपल्या तपासनिसाने मिलमालकांना फोनवर विचारलेले प्रश्न मला कळले आहेत, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. माझा ठरलेला पगार महिना १८,००० रुपये आहे आणि तो बँकेत जमा होतो. डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ हे पाच महिने मी कामावर नव्हतो आणि पगार मिळालेला नाही. हे ९०,००० रुपये झाले. याशिवाय जानेवारी ते मार्च हा तुरीच्या आवकेचा हंगाम असतो, मिल रात्रपाळीत चालते आणि ओव्हरटाईम मिळतो. २०२४ च्या याच तीन महिन्यांत मला ५,२००, ६,१०० आणि ४,७०० असे १६,००० रुपये ओव्हरटाईमचे मिळाले, ते पगारपत्रकावर व पासबुकात दिसतात. यंदाचा हंगाम मी खाटेवर काढला. बुडालेली कमाई एकूण रु. १,०६,०००.

जानेवारीत माझ्या खात्यावर मिलकडून ४०,००० रुपये जमा झाले आहेत. तपासनिसाने तो पगार समजू नये. ती उचल आहे. मे महिन्यापासून पगारातून कापून घेण्याचे ठरले आहे आणि मालकांनी तसे लेटरहेडवर लिहून दिले आहे. मिलमध्ये आम्ही आठच कामगार असल्याने ईएसआय लागू नाही, म्हणून त्या योजनेतूनही काही मिळालेले नाही. राहिलेले पैसे पतसंस्थेत सोने तारण ठेवून उभे केले. त्याचे व्याज मी वेगळे मागत नाही.

माझी पत्नी शेतमजुरीला जाते, रोज ३०० रुपये. पहिले तीन महिने मला उठता-बसता येत नव्हते, त्या काळात तिचे किमान ६० रोज बुडाले. त्याचे १८,००० रुपये. मजुरीची पावती कोणी देत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. ज्यांच्या शेतात ती जाते त्या दोघांची लेखी निवेदने जोडली आहेत.

२ मेपासून मी मिलमध्ये परत जातो, पण मशीनवर नाही. हॉपरची शिडी पोते घेऊन चढता येत नाही. चाळणी बदलताना दोन्ही मनगटे फिरवावी लागतात, माझे डावे फिरत नाही. मालकांनी काट्यावर बसवले आहे, पगार १३,५००. शासकीय वैद्यकीय मंडळाने १८ टक्के कायम अपंगत्वाचा दाखला दिला आहे. मात्र शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान सारखेच धरता येत नाही, माणूस काय काम करतो ते पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात म्हटले आहे. माझ्या कमाईतला चौथा हिस्सा, म्हणजे महिना ४,५०० रुपये, गेला आहे. वर्षाचे ५४,००० आणि सरला वर्मा (२००९) निकालातील तक्त्याप्रमाणे माझ्या वयाला १५ चा गुणक, म्हणून रु. ८,१०,०००. भविष्यातील पगारवाढीची भर मी यात घातलेली नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेल्यास ती मागण्याचा माझा हक्क राखून ठेवतो.

वेदना व त्रासापोटी ७५,००० आणि मोटारसायकल दुरुस्तीचे, बिलाप्रमाणे, १४,३५० रुपये धरून एकूण मागणी रु. १२,८२,४१५ होते.

आपले प्रतिनिधी २२ एप्रिलला घरी आले तेव्हा कोऱ्या व्हाउचरवर सही मागत होते. मी दिली नाही आणि पुढेही देणार नाही. यापुढचे बोलणे लेखी व्हावे. कोणत्या बाबीची किती रक्कम मान्य आणि कोणती नाही, हे बाबवार कळवावे. नुसता एक आकडा पाठवू नये. मूळ बिले मी टपालाने पाठवणार नाही. आपल्या कार्यालयात समक्ष पडताळणीसाठी दाखवीन, दिवस कळवावा.

कलम १६६(३) ची सहा महिन्यांची मुदत ३० मे रोजी संपते. म्हणून आपले उत्तर २० मेपर्यंत मिळावे. न मिळाल्यास किंवा देकार असाच राहिल्यास मी लातूर येथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ट्रॅक्टरचालक, मालक व आपली कंपनी यांच्याविरुद्ध अर्ज दाखल करीन आणि कलम १७१ प्रमाणे व्याजही मागेन.

सोबत, सर्व छायाप्रती स्वसाक्षांकित : फिर्याद व पंचनामा, दोन्ही दवाखान्यांची कागदपत्रे, बिले, सर्जनचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, २०२४ ची पगारपत्रके, पासबुकाची पाने, मिलमालकांची दोन पत्रे, शेतमालकांची निवेदने, रिक्षाच्या पावत्या, लायसन्स व गाडीची कागदपत्रे.

आपला,
(सही)
बालाजी व्यंकट सूर्यवंशी

प्रत : ट्रॅक्टरमालक यांना माहितीसाठी, रजिस्टर पोस्टाने.